ट्रान्स्क्रिप्शन टूलचा प्लॅन घेताय? महिन्याची मिनिटं पाहण्याआधी हे तपासा

बोललेल्या शब्दांचं आपोआप लिखित मजकुरात रूपांतर करणारी ट्रान्स्क्रिप्शन टूल्स आता पत्रकार, संशोधक, वकील, यूट्यूबर असे सगळेच वापरतात. या टूल्सच्या किमतींच्या पानावर तीन-चार रकाने असतात. फुकट, प्रो, बिझनेस अशी नावं, खाली महिन्याच्या मिनिटांचा मोठा आकडा आणि त्याखाली बारीक अक्षरात बाकीच्या अटी. बहुतेक जण मोठा आकडा पाहतात, आपल्या रेकॉर्डिंगच्या मिनिटांशी ताडून बघतात आणि प्लॅन घेऊन मोकळे होतात.

खरी अडचण बारीक अक्षरात असते. एक फाइल किती लांबीची चालते, कोण बोललं हे टूल ओळखतं का, आणि महागड्या प्लॅनमधली ‘जास्त अचूकता’ म्हणजे नेमकं काय, या तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. एकीची मर्यादा आली की दुसरी बिघडते. ते कसं, हे एका उदाहरणातून पाहू.

समजा, १२ मुलाखती आहेत

१९७२ च्या दुष्काळावर पीएचडी करणारी एक विद्यार्थिनी आहे. माण तालुक्यातल्या वृद्ध जोडप्यांच्या तिने १२ मुलाखती घेतल्या आहेत. प्रत्येक मुलाखत सुमारे ७५ मिनिटांची, म्हणजे एकूण ९०० मिनिटं. प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये तीन आवाज आहेत: आजोबा, आजी आणि ती स्वतः. मध्येच कोंबडा आरवतो, कुणीतरी चहा आणून ठेवतं, आणि आजी-आजोबा एकाच वेळी बोलतात.

आता प्लॅनचे आकडे घेऊ. ओटर हे या क्षेत्रातलं जुनं आणि नावाजलेलं टूल. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये त्याने आपले प्लॅन बदलले. फुकट प्लॅनमध्ये महिन्याला ६०० मिनिटं मिळायची, ती ३०० झाली आणि एका संभाषणाची मर्यादा ४० वरून ३० मिनिटांवर आली. प्रो प्लॅनमध्ये ६,००० मिनिटं होती, ती १,२०० झाली आणि एका संभाषणाची मर्यादा ४ तासांवरून ९० मिनिटांवर आली. ओटर मुख्यतः इंग्रजी बैठकींसाठी बनलेलं आहे, त्यामुळे माणच्या मुलाखतींसाठी ते कामाचं नाही. पण ‘३०० मिनिटं, फाइल ३० मिनिटांची’ आणि ‘१,२०० मिनिटं, फाइल ९० मिनिटांची’ हा साचा अनेक टूल्समध्ये थोड्याफार फरकाने दिसतो, म्हणून हिशोबासाठी तेच आकडे घेऊ.

मिनिटं मोजतात कशी?

वरवर पाहता हिशोब सोपा आहे. ९०० मिनिटांचं काम, महिन्याला ३०० मिनिटं फुकट, म्हणजे तीन महिन्यांत काम फत्ते आणि खर्च शून्य.

पण मिनिटं मोजली जातात ती फाइलच्या लांबीवरून, त्यात किती बोललं गेलं यावरून नाही. चहा येईपर्यंतची शांतता, सुरुवातीला माइक नीट लावेपर्यंतची खुडबूड, शेवटी रेकॉर्डर बंद करायचा राहून गेला ती दहा मिनिटं, हे सगळं खात्यातून वजा होतं. तीच फाइल दुसऱ्यांदा चालवली तर सर्वसाधारणपणे मिनिटं दुसऱ्यांदा कापली जातात. महिन्याअखेर उरलेली मिनिटं बहुतेक प्लॅनमध्ये पुढच्या महिन्यात जात नाहीत.

आणखी एक अट सहज नजरेतून सुटते. टूलवर थेट रेकॉर्ड करणं आणि आधीच रेकॉर्ड केलेली फाइल अपलोड करणं, या दोन गोष्टींच्या मर्यादा काही ठिकाणी वेगळ्या असतात. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये वर्डच्या वेब आवृत्तीत ट्रान्स्क्रिप्शनची सोय आणली तेव्हा अपलोड केलेल्या फाइल्ससाठी महिन्याला पाच तास आणि प्रत्येक फाइलला २०० एमबी अशी मर्यादा ठेवली होती. वर्डमध्येच थेट रेकॉर्ड केलेल्या आवाजाला ही पाच तासांची अट नव्हती. ज्याचं रेकॉर्डिंग आधीच गावाकडे होऊन गेलं आहे, त्याच्यासाठी अपलोडचीच मर्यादा खरी.

फाइल तोडली की काय होतं?

फुकट प्लॅनमध्ये फाइल ३० मिनिटांचीच चालते. ७५ मिनिटांची मुलाखत तिथे एका तुकड्यात बसत नाही. काही टूल्स मोठी फाइल घेतच नाहीत, तर काही घेतात पण पहिल्या ३० मिनिटांचाच मजकूर देतात. दुसरा प्रकार जास्त त्रासाचा, कारण मजकूर आला म्हणून माणूस निश्चिंत होतो. हे ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे ट्रान्स्क्रिप्टमधली शेवटची वेळ पाहणं. ती 00:30:00 च्या आसपास थांबली असेल, तर पुढची ४५ मिनिटं गायब आहेत.

म्हणजे प्रत्येक मुलाखतीचे तीन तुकडे करावे लागतील. ते बरोबर ३० व्या मिनिटाला तोडले तर वाक्य मध्येच तुटतं आणि दोन्हीकडचे शब्द चुकतात. म्हणून दोन तुकड्यांमध्ये एक मिनिटाचा भाग सामाईक ठेवतात. पहिला तुकडा ० ते ३०, दुसरा २९ ते ५९ आणि तिसरा ५८ ते ७५. ही झाली ३० + ३० + १७, म्हणजे ७७ मिनिटं. बारा मुलाखतींची ९२४ मिनिटं. तीन महिन्यांच्या ९०० मिनिटांत काम बसत नाही, ते चौथ्या महिन्यात जातं, आणि सांभाळायला ३६ फाइल्स होतात.

त्याहून मोठी अडचण आवाज ओळखण्याची आहे.

‘वक्ता १’ म्हणजे नक्की कोण?

कोण बोललं हे वेगळं करण्याच्या तंत्राला डायरायझेशन म्हणतात. शब्द ओळखणं आणि बोलणारा ओळखणं ही दोन वेगळी कामं आहेत. ओपनएआयचं व्हिस्पर हे मॉडेल कितीतरी टूल्सच्या पोटात चालतं. २०२२ मध्ये खुलं केलेलं हे मॉडेल शब्द लिहून देतं, पण बोलणारा कोण ते सांगत नाही. त्यावर आधारलेल्या टूल्सना त्यासाठी वेगळी यंत्रणा जोडावी लागते. म्हणूनच अनेक ठिकाणी ही सोय फक्त पैसे भरणाऱ्यांना मिळते किंवा काही मोजक्या भाषांनाच मिळते.

ही यंत्रणा आवाजाचे छोटे छोटे तुकडे करते, प्रत्येक तुकड्यातल्या आवाजाची ठेवण आकड्यांच्या रूपात मांडते आणि सारख्या ठेवणीचे तुकडे एका गटात टाकते. पहिल्या गटाला `Speaker 1`, दुसऱ्याला `Speaker 2` असं लेबल मिळतं. ते आजोबा आहेत की आजी, हे तिला माहीत नसतं. ती फक्त त्या फाइलपुरता सांगते की हे दोन आवाज वेगळे आहेत.

‘त्या फाइलपुरता’ हे महत्त्वाचं. मुलाखतीचे तीन तुकडे वेगवेगळे चालवले की गट प्रत्येक वेळी नव्याने पडतात. पहिल्या तुकड्यात आजोबा `Speaker 1` असतील तर दुसऱ्यात तेच `Speaker 2` होऊ शकतात. तीन तुकडे एकाखाली एक चिकटवले की ३० व्या मिनिटापासून आजोबांची वाक्यं आजींच्या नावावर जातात. मजकूर वाचायला सुरळीत वाटतो, त्यामुळे चूक चटकन दिसत नाही. फाइलच्या लांबीची मर्यादा अशी आवाजांच्या लेबलांवर येऊन आदळते.

एक फाइल सलग चालली तरी लेबलं चुकण्याच्या ठरलेल्या जागा आहेत. दोघं एकदम बोलली की एकाचंच बोलणं नोंदलं जातं. ‘हं’, ‘व्हय’, ‘बरं’ असे एका शब्दाचे हुंकार इतके छोटे असतात की आवाजाची ठेवण पकडायला पुरत नाहीत, ते शेजारच्या बोलणाऱ्याच्या खात्यात जातात. माइकपासून लांब बसलेल्या माणसाचा आवाज घुमतो आणि कधीकधी एकाच माणसाचे दोन वक्ते होतात. बोलणारे किती आहेत हे आधी सांगण्याची सोय टूलमध्ये असेल, तर तिथे ३ हा आकडा भरल्याने ही शेवटची चूक बरीच कमी होते.

लेबलं बरोबर आहेत का, हे तपासायला मराठीत एक सोय आयतीच आहे. प्रमाण मराठीत बाई ‘मी खडी फोडायला जात होते’ म्हणते आणि पुरुष ‘मी जात होतो’ म्हणतो. ट्रान्स्क्रिप्टमध्ये ‘मी’ असलेली वाक्यं शोधायची आणि क्रियापदाचं लिंग लेबलाशी जुळतं का ते पाहायचं. ‘आम्ही’ची वाक्यं यात घ्यायची नाहीत, कारण ‘आम्ही जात होतो’ दोघंही म्हणतात. गावाकडच्या बोलीत रूपं थोडी बदलतात, तरी बाईमाणसाचं आणि पुरुषाचं क्रियापद साधारणपणे वेगळं राहतं. आजींच्या नावावर ‘मी जात होतो’ दिसलं, तर एकतर लेबल चुकलंय किंवा शब्द. दोन्ही बाबतींत तिथलं रेकॉर्डिंग ऐकावंच लागतं. दुष्काळी कामावर खडी फोडायला कोण गेलं, नवरा की बायको, हाच जर प्रबंधाचा विषय असेल, तर ही चूक किरकोळ राहत नाही.

‘९९ टक्के अचूक’ म्हणजे काय?

अचूकता मोजण्याची रूढ पद्धत म्हणजे शब्द-चुकीचा दर. टूलने किती शब्द बदलले, किती गाळले आणि किती जास्तीचे घातले, यांची बेरीज करायची आणि तिला खरोखर बोललेल्या शब्दांच्या संख्येने भागायचं.

आजी म्हणाल्या: ‘त्या साली आमच्या विहिरीचं पाणी आटलं नव्हतं.’ सात शब्द.

पहिल्या टूलने लिहिलं: ‘त्या साली आमच्या विहिरीचं पाणी आटलं होतं.’ एक शब्द बदलला. सातात एक, म्हणजे चूक सुमारे १४ टक्के.

दुसऱ्या टूलने लिहिलं: ‘त्या साली आमच्या विहिरी चं पाणी आटल नव्हतं.’ इथे ‘विहिरीचं’ तुटलं, त्यामुळे एक शब्द बदलला आणि एक वाढला, शिवाय ‘आटलं’चा अनुस्वार गेला. तीन चुका, म्हणजे सुमारे ४३ टक्के.

आकड्यांत पहिलं टूल तिप्पट चांगलं ठरतं. पण त्याने आजींच्या बोलण्याचा अर्थ उलटा केला, आणि दुसऱ्याने फक्त शुद्धलेखन बिघडवलं. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, म्हणून असे तुटलेले शब्द मोजणीत दंड वाढवतात, पण वाचणाऱ्याचं फारसं नुकसान करत नाहीत. उलट ‘नव्हतं’, ‘नाही’, आकडे आणि गावांची नावं हे छोटे शब्द एकूण टक्केवारीत दिसत नाहीत, आणि नुकसान तिथेच होतं. जाहिरातीतला ९९ टक्क्यांचा आकडाही सहसा स्वच्छ आवाजातल्या, एका वेळी एकच माणूस बोलत असलेल्या इंग्रजीसाठी असतो.

महाग प्लॅनमध्ये अचूकता खरंच वाढते का?

कधी वाढते, कधी नाही. ‘जास्त अचूक’ या शब्दांमागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

पहिली म्हणजे मोठं मॉडेल. व्हिस्पर वेगवेगळ्या आकारांत मिळतं. सर्वांत लहान मॉडेलमध्ये ३.९ कोटी पॅरामीटर आहेत, तर सर्वांत मोठ्यात सुमारे १५५ कोटी. लहान मॉडेल झटपट आणि स्वस्तात चालतं, मोठ्याला वेळ आणि ताकद जास्त लागते. त्यामुळे काही टूल्स ‘वेगवान’ आणि ‘सर्वांत अचूक’ असे पर्याय देतात. इंग्रजीत या दोन टोकांमधला फरक अनेकदा सोसण्यासारखा असतो. मराठीत तो मोठा असतो, कारण मॉडेल मुळात ज्या आवाजांवर शिकलं त्यात मराठी फार थोडी आहे. व्हिस्परच्या सुरुवातीच्या शिक्षणासाठी वापरलेल्या ६,८०,००० तासांच्या आवाजापैकी साधारण दोन तृतीयांश इंग्रजी होता. बाकी जवळपास शंभर भाषांनी उरलेलं वाटून घेतलं आणि तेही अगदी असमान. त्यामुळे मराठीसाठी मोठ्या मॉडेलचे जास्त पैसे देण्यात अर्थ असू शकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे स्वतःचा शब्दसंग्रह. दहिवडी, म्हसवड, सुकडी, तगाई असे शब्द आधी भरून ठेवले की टूल ते ओळखण्याची शक्यता वाढते. मॉडेल तेच राहतं, फक्त ठरावीक नावं सुधारतात.

तिसरी म्हणजे माणसाने केलेली दुरुस्ती. काही कंपन्या जास्त दराच्या सेवेत मजकूर माणसाकडून तपासून देतात. अशी सेवा मराठीत मिळते का, हे आधी विचारावं लागतं.

आणि अनेकदा वरच्या प्लॅनमध्ये या तिन्हींपैकी काहीच नसतं. मिनिटं वाढतात, फाइलची मर्यादा वाढते, मॉडेल मात्र फुकट प्लॅनमधलंच असतं. अशा प्लॅनमधून अचूकता वाढेल ही आशा फोल ठरते.

पहिली ३० सेकंदं

मराठी वापरणाऱ्यांना वारंवार येणारा अनुभव म्हणजे मराठी बोलणं हिंदीत उमटणं. लिपी एकच असल्याने पहिल्या नजरेत ते कळतही नाही. ‘दवाखान्यात नेलं’च्या जागी ‘दवाखाने में’ असं काहीतरी दिसू लागतं. व्हिस्परला भाषा सांगितली नाही, तर ते सर्वसाधारणपणे फाइलच्या पहिल्या ३० सेकंदांवरून भाषा ठरवतं आणि पुढे तीच धरून चालतं. त्या ३० सेकंदांत फोन वाजला, कुणी हिंदीत बोललं किंवा नुसतीच खुडबूड असली, की अख्ख्या मुलाखतीची दिशा चुकते. उपाय साधा आहे. ‘ऑटो’ न ठेवता भाषेच्या यादीतून मराठी स्वतः निवडायची. नाहीतर फाइल पुन्हा चालवावी लागते आणि मिनिटं पुन्हा जातात. १,२०० मिनिटांच्या प्लॅनमध्ये ९०० मिनिटांचं काम केल्यावर ३०० उरतात, म्हणजे ७५ मिनिटांच्या फक्त चार फाइल्स पुन्हा चालवता येतात.

शांततेतही एक धोका आहे. कुणी बोलत नसताना व्हिस्परसारखी मॉडेल्स कधीकधी न बोललेली वाक्यं लिहितात किंवा एकच ओळ पुन्हा पुन्हा छापतात. ट्रान्स्क्रिप्टमध्ये तीच ओळ तीन-चारदा दिसली, तर त्या वेळेचा आवाज ऐकून पाहावा. बहुधा तिथे शांतता असते.

एमबीचं गणित वेगळं

फाइलची मर्यादा कधी मिनिटांत असते, कधी एमबीत. एमबीची मर्यादा असेल तर मुलाखत तोडायची गरज बहुधा नसते, फाइल हलकी केली की पुरतं. सीडीच्या दर्जाच्या स्टिरिओ डब्ल्यूएव्ही फाइलला मिनिटाला सुमारे १०.६ एमबी लागतात. ७५ मिनिटांची मुलाखत म्हणजे जवळपास ८०० एमबी. तीच ३२ केबीपीएसच्या मोनो एमपीथ्रीमध्ये बदलली, की सुमारे १८ एमबीत बसते. ओपनएआयच्या व्हिस्पर सेवेची प्रत्येक फाइलला असलेली २५ एमबीची मर्यादा यात पाळली जाते. `ffmpeg` या मोफत प्रोग्रॅममध्ये त्यासाठी एक ओळ पुरते:

```
ffmpeg -i mulakhat.wav -ac 1 -ar 16000 -b:a 32k mulakhat.mp3
```

व्हिस्पर तसंही आवाज १६ किलोहर्ट्झ, मोनोमध्ये बदलूनच वापरतं, त्यामुळे त्या बदलाने काही बिघडत नाही. पण ३२ केबीपीएसच्या खाली गेलं की हळू बोललेले शब्द पुसट होऊ लागतात, म्हणून मूळ फाइल जपून ठेवावी. फाइल हलकी केल्याने मिनिटं मात्र कमी होत नाहीत. ७५ मिनिटं ही ७५ मिनिटंच मोजली जातात.

पैसे भरण्याआधी पाच मिनिटांची परीक्षा

कुठला प्लॅन परवडेल, हे ठरवायला जाहिरातीपेक्षा स्वतःचाच आवाज उपयोगी पडतो. मुलाखतीच्या सुरुवातीचा नाही, तर मधला अवघड भाग निवडायचा. जिथे दोघं एकदम बोलतात, गावांची नावं आणि आकडे येतात, तो.

```
ffmpeg -ss 00:32:00 -i mulakhat.wav -t 300 namuna.wav
```

ही ओळ ३२ व्या मिनिटापासून ३०० सेकंदांचा नमुना कापून देते. तो दोन-तीन टूल्सच्या फुकट प्लॅनमध्ये, आणि जिथे पर्याय असेल तिथे लहान आणि मोठ्या अशा दोन्ही मॉडेलवर चालवायचा. मग घड्याळ लावून तो मजकूर हाताने दुरुस्त करायचा.

समजा, एका टूलचा पाच मिनिटांचा मजकूर दुरुस्त करायला २० मिनिटं लागली आणि दुसऱ्याचा १२ मिनिटांत झाला. ९०० मिनिटांच्या कामाला पहिल्याने ६० तास लागतील, दुसऱ्याने ३६. फरक २४ तासांचा, म्हणजे कामाच्या तीन पूर्ण दिवसांचा. या तीन दिवसांची स्वतःची किंमत प्लॅनच्या किमतीपेक्षा जास्त असेल, तर पैसे भरणं स्वस्त पडतं. दोन्हींना २०-२० मिनिटंच लागली, तर महागड्या प्लॅनमधून निदान अचूकता तरी विकत मिळत नाहीये.

आपल्या विद्यार्थिनीसाठी क्रम असा ठरतो. टूलला मराठी येते का आणि मराठीत बोलणारे वेगळे करता येतात का, हे आधी. ७५ मिनिटांची फाइल न तोडता चालते का, हे त्यानंतर. पाच मिनिटांच्या नमुन्यात ‘नव्हतं’ शाबूत राहिलं का, हे तिसरं. या तिन्हींतून जे टूल उरेल, त्याचा ९०० पेक्षा थोडी जास्त मिनिटं देणारा प्लॅन एका महिन्यापुरता घ्यायचा, बाराही मुलाखती त्या महिन्यात चालवायच्या, मजकूर आपल्या संगणकावर उतरवून घ्यायचा आणि पुढचा हप्ता कापला जाण्याआधी प्लॅन बंद करायचा.